संथ नेटवरचा सिद्धू

दुपारची जेवणं उरकून खालची माणसं आडवी झाली, की अक्षता जिना चढून गच्चीवरच्या खोलीत यायची. खोली कसली, चार भिंती आणि वर पत्रा. पण तिथं तिचं शिलाई मशीन होतं, शिवायला आलेल्या ब्लाउजांची गाठोडी होती आणि खिडकीतून अजिंक्यताऱ्याचा उतार दिसायचा. उन्हात तो उतार थरथरायचा. साताऱ्यातल्या त्या गल्लीत दुपारी आवाज असतो की नसतो, हे अक्षताला ठाऊक नव्हतं. ती जन्मापासून बहिरी. तिच्या लेखी सगळ्याच दुपारी सारख्याच मुक्या होत्या, आणि त्या तिला आवडायच्या.

मशीनच्या फळीवर फोन ठेवलेला असायचा. फळी थरथरली की तिला कळायचं, सिद्धूचा फोन आला.

सिद्धू तासगावला असायचा. बेदाण्याच्या शेडवर कामाला. तोही बहिरा. दोघं सांगलीच्या मूकबधिर शाळेत एका वर्गात होती, नव्वदच्या दशकात, दोघं अगदी लहान असताना. त्या शाळेत हातवारे करायला बंदी होती. बाई तोंडासमोर आरसा धरून ओठ हलवायला शिकवायच्या, आणि हात मांडीखाली दाबून बसायला सांगायच्या. पण बाईंची पाठ फिरली, वसतिगृहातले दिवे मालवले, की पोरांचे हात मोकळे सुटायचे. पोरांनीच केलेली ती भाषा. कुठल्या पुस्तकात नाही, कुणी शिकवलेली नाही. त्या भाषेत सिद्धूचं नाव होतं कानाची पाळी ओढणं, कारण त्याचे कान मोठे. अक्षताचं नाव हनुवटीवर एक बोट, कारण तिथं खळी पडायची. मग अक्षताच्या वडलांची, आप्पासाहेबांची, एसटीतली बदली साताऱ्याला झाली आणि शाळा सुटली. पुढं कित्येक वर्षं तिला त्या नावानं कुणी हाक मारली नाही.

कोरोनाचं सावट ओसरल्यावर बहिऱ्या माणसांच्या एका व्हॉट्सॅप ग्रुपवर तिला एक चेहरा दिसला. गाल भरलेले, कपाळ वर सरकलेलं, पण कान तेच. तिनं व्हिडिओ कॉल लावला आणि काही न बोलता आपल्या कानाची पाळी ओढली. पलीकडचा माणूस बघतच राहिला. मग त्यानं हळूच हनुवटीवर बोट ठेवलं.

त्या दिवसापासून दुपार त्यांची झाली.

सिद्धू फार कमी बोलायचा. एक खूण करायचा आणि थांबायचा. दुसरी करायचा, पुन्हा थांबायचा. "आज. ऊन. फार." हात हवेत तसाच राहायचा, चेहरा स्थिर, डोळे तिच्यावर रोखलेले. कधी कधी चित्र पूर्णच थांबायचं आणि चौकोनाचौकोनांचा सिद्धू पडद्यावर गोठून बसायचा, हात अर्धा उचललेला. अक्षता तेवढ्यात एक हुक लावून घ्यायची आणि वर बघायची. तो अजून तसाच असायचा. त्या गोठलेल्या चेहऱ्याकडं ती किती वेळ बघत राही, तिचं तिलाच कळत नसे. उन्हानं डोळे जड झालेले, पत्र्याखाली खोली तापलेली, आणि समोर हा माणूस, शब्द हातात धरून थांबलेला. तिला वाटायचं, असा माणूस जगात दुसरा नसेल. याला घाई म्हणून नाहीच.

गोठलेलं चित्र हलायचं तेव्हा मधलं बोलणं गळून गेलेलं असायचं. उरलेलं ती मनानं भरून काढायची. तशी सवयच होती तिला. आयुष्यभर ती लोकांच्या ओठांवरचं अर्धंमुर्धं उचलून बाकीचं मनानंच भरत आली होती.

घरात फायबर आलं ते तिचा भाऊ धम्मपाल याच्यामुळं. तो एका कारखान्याच्या हिशेब खात्यात होता आणि अधूनमधून घरून काम करायचा. ज्ञानू नावाचा माणूस आला, खांबावरून बारीक वायर ओढून पुढच्या खोलीत दोन शिंगांचा पांढरा डबा बसवून गेला. संध्याकाळी सगळे आपापले फोन घेऊन त्या डब्याभोवती बसले. धम्मपालच्या बायकोच्या, प्रियंकाच्या फोनवर दोन नावं आली. एक 'शांतिबन', घराचंच नाव, आणि दुसरं 'शांतिबन फाइव्ह जी'. धम्मपालच्या फोनवर दोन. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या होत्या, त्यांच्याही फोनवर दोन. अक्षताच्या फोनवर मात्र एकच. शांतिबन.

तिनं फोन बंद करून चालू केला. डब्याला टेकवला. प्रियंकानं घेऊन बघितला, सेटिंगमध्ये बोटं फिरवली आणि मान हलवली. एकच.

अक्षताला हसू आलं. खोलीत काहीतरी आहे, ते सगळ्यांना कळतंय आणि एकटीला कळत नाही, हे तिला काही नवं नव्हतं. "माझा फोन पण माझ्यासारखा," तिनं खुणेनं सांगितलं. प्रियंका हसता हसता थांबली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. पण अक्षताला वाईट वगैरे वाटलं नव्हतं. एक नाव दिसतंय ना, ते चालतंय ना, गच्चीपर्यंत पोचतंय ना, मग बास. फायबर आल्यावर तिनं फोनचा नेटचा रिचार्ज मारणंही सोडून दिलं. बोलणं तर घरातूनच व्हायचं.

फोन जुना होता खरा. एका दिवाळीत ब्लाउज शिवून घेतलेला, कोपऱ्याला तडा गेलेला. पण त्याच्यातच सिद्धू सापडला होता.

माघ संपत आला आणि तासगावाकडं बेदाण्याचं काम जोरात सुरू झालं. सिद्धूला सवड मिळेना. एक दिवस त्यानं पुढच्या दुपारचं नक्की केलं. "उद्या. एक. विचारायचंय." मग हात थांबला. चित्र गोठलं. हलायला लागलं तेव्हा तो निरोपाचा हात हलवत होता.

काय विचारायचंय, हे न कळायला अक्षता काही लहान नव्हती. चौतिशी उलटलेली बाई. तरी ती रात्र तिनं कूस बदलत काढली, आणि सकाळी दोन ब्लाउजांना बाह्या उलट्या लावून बसली.

दुपारी ती वर गेली. केस विंचरले, फोन रिळांच्या डब्याला टेकवून उभा केला. आणि बघते तर शांतिबन नाही.

शेजारच्या घरांची नावं होती, कुलूपवाली, सहा-सात. गल्लीच्या टोकाच्या दवाखान्याचं होतं. आपल्या घराचं तेवढं नव्हतं. तिनं फोन खिडकीत धरला, दारात धरला. मग धावत जिना उतरून पुढच्या खोलीत आली आणि डब्यासमोर उभी राहिली. डब्यावर हिरवे दिवे नेहमीसारखे लुकलुकत होते. प्रियंका दिवाणावर पडून आपल्या फोनवर कसलीशी मालिका बघत होती, चित्र पाण्यासारखं वाहत होतं. अक्षताच्या हातातल्या फोनला मात्र डब्याला नाक लावूनही काही दिसत नव्हतं.

तिनं प्रियंकाला हलवलं. प्रियंकानं दोन्ही फोन शेजारी ठेवून बघितले. तिच्या फोनवर एकच नाव उरलं होतं, 'फाइव्ह जी'वालं.

"ह्यांनीच काहीतरी केलं असणार सकाळी," प्रियंका म्हणाली. अक्षताशी बोलताना ती तोंड तिच्याकडं करून, ओठ सावकाश हलवून बोलायची. "माझ्यावरनं लाव की."

अक्षता क्षणभर घुटमळली. पुढच्या खोलीत आप्पा आरामखुर्चीत पेंगत होते. स्वयंपाकघराचं दार उघडं. सिद्धूशी ती या खोलीत कधीच बोलली नव्हती. पण वेळ होऊन गेली होती. तिनं फोन घेतला, नंबर लावला.

लगेच तो आला.

आला म्हणजे अक्षरशः आला. प्रियंकाच्या फोनच्या मोठ्या पडद्यावर इतका स्वच्छ, की त्याच्या दाढीतले पांढरे केस दिसत होते. मागं शेडमधल्या हिरव्या जाळ्या, जाळ्यांवर बेदाणा, त्यातून उडणारी माशीसुद्धा दिसत होती. आणि हात! ते हात थांबतच नव्हते. "कुठं होतीस? नंबर कुणाचा हा? मी किती वेळ वाट बघतोय, मुकादम दोनदा येऊन गेला, मी सांगितलं पोट बिघडलंय, हे बघ, हे बघ आई," आणि फोन गर्रकन वळला. डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई, हातात बेदाण्याची चाळण, लाजून तोंड फिरवणारी. ती बायडाबाई, त्याची आई. फोन परत वळला. सिद्धूनं मुकादमाची नक्कल केली, पोट पुढं काढून, मिशा पिळून. मग आपल्याच नकलेवर हसला, मान मागं टाकून, सगळे दात दाखवून. आणि हसता हसताच, श्वासही न घेता, त्याच्या हातांनी विचारलं, "करायचं का लग्न? आई हो म्हणते. तुझं काय?"

अक्षतानं फोन जरा लांब धरला.

हा कोण? हा बडबड्या, हा नकला करणारा, एका दमात दहा गोष्टी सांगणारा माणूस कोण? तिचा सिद्धू शब्द हातात धरून थांबायचा. हा शब्द उधळत होता. तिनं वर पाहिलं तर प्रियंका दिवाणावर उठून बसलेली आणि तिच्या चेहऱ्यावर हसू. आप्पाही जागे झालेले.

ती उठली आणि फोन घेऊन जिन्याकडं निघाली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. वर जायचं, आपल्या खोलीत, एवढंच. पहिल्या पायऱ्यांवर सिद्धू तसाच बोलत होता, "काय झालं? कुठं चाललीस?" जिन्याच्या वळणावर तो अडखळला. त्याचा हात हवेत तुटक तुटक हलला, चेहऱ्याचे चौकोन झाले, आणि क्षणभर तो तिचा जुना सिद्धू झाला, अर्धा हात उचललेला, थांबलेला. अक्षता तिथंच उभी राहिली. भिंतीचा गारवा पाठीला लागत होता. वरच्या दारातून उन्हाचा पट्टा पायरीवर पडला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. तिला वाटलं, असंच राहावं.

मग ती आणखी एक पायरी चढली. पडद्यावर गोल फिरायला लागलं आणि कॉल तुटला. घरात असताना प्रियंका मोबाइलचा डेटा बंदच ठेवायची.

खाली येऊन तिनं फोन परत दिला. "नेट गेलं," तिनं सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

संध्याकाळी धम्मपाल आला तेव्हा प्रियंकानं त्याला दारातच धरलं. बोलणं भरभर झालं, अक्षताला ओठ नीट सापडले नाहीत, पण भावाचा हात कपाळावर गेला तेवढं दिसलं. तो तिच्यासमोर येऊन बसला.

"मी केलं, अक्षे. माझा फोन सारखा त्या हळूवाल्यावर जाऊन बसायचा. मीटिंगमधी आवाज तुटायचा. म्हटलं, ते बंदच करावं, समद्यांना फास्टच मिळंल. तुझा फोनबी आपोआप धरंल, असं वाटलं."

त्यानं लगेच आपल्या फोनवरून ते पुन्हा सुरू केलं. अक्षताच्या पडद्यावर शांतिबन उगवलं. तिनं बघितलं आणि फोन पालथा ठेवला. त्या दिवशी तिनं सिद्धूला काहीच कळवलं नाही. त्याचे तीन निरोप आले. शेवटच्यात नुसतं एक प्रश्नचिन्ह होतं.

रविवारी ज्ञानू आला. धम्मपालला वाटत होतं, डब्यातच काहीतरी बिघाड आहे. ज्ञानूनं अक्षताचा फोन उलटा करून मॉडेलचं नाव वाचलं आणि डब्याकडं बघितलंही नाही. त्याच्या मिशा ओठांवर आलेल्या, त्यामुळं अक्षताला काही कळेना. प्रियंका शेजारी बसून सांगत गेली, थोडं खुणांनी, थोडं फोनवर लिहून.

"डबा दोन पट्ट्यांवर बोलतो," ज्ञानू म्हणाला. "एक जुनी पट्टी, एक नवी. ताईंच्या फोनमधी जुनी पट्टी पकडायचाच रेडिओ हाय. नव्या पट्टीचा घातलेलाच न्हाई कंपनीनं. मग दिसणार कशी?"

"सेटिंगनं? अपडेट मारून?" धम्मपालनं विचारलं.

"न्हाई. जी वस्तू आत न्हाईच, ती अपडेटनं कुठनं येणार?"

"म्हंजी फाइव्ह जीवाला फोन घ्यावा लागंल. लय महाग असत्यात."

"आवं, ते फाइव्ह जी वेगळं!" ज्ञानू हसला. "ते मोबाइलच्या टॉवरचं. हे वायफायचं. नावानं समदे फसत्यात. साधा फोर जी फोनबी चालतो, दोन्ही पट्ट्यांचं वायफाय असलं की झालं. वहिनींचा फोन बघा की, फोर जीच हाय."

अक्षतानं प्रियंकाला खूण केली, मग तिच्या फोनवर एक वाक्य लिहिलं. प्रियंकानं ते मोठ्यानं वाचलं, "नवा घेतला तर गच्चीवर फास्ट चालेल का?"

ज्ञानूनं मान वर करून स्लॅबकडं पाहिलं. "न्हाई चालायचं. ती पट्टी जोरात पळती पण भिताड आलं की तिचा जीव जातो. जिन्यापर्यंत जाईल, फार फार तर. वर पोचती ती हळूवालीच. आन हितं गल्लीत समद्यांचे डबे त्याच पट्टीवर बसल्यात, म्हणून ती अडकत अडकत चालती. वर पायजे तर वायर टाकून वर एक डबा बसवावा लागंल."

ज्ञानू चहा पिऊन गेला, धम्मपाल नव्या फोनांचे फोटो दाखवायला लागला. तिनं त्याचा हात बाजूला केला. "नंतर," ती म्हणाली. "आधी तासगावला जाऊन येते."

प्रियंकाला सगळं सांगावं लागलं नाही. पण अक्षतानं सांगितलं. तुकड्या तुकड्यांनी, गच्चीवर कपडे वाळत घालता घालता. तो मला थांबणारा माणूस वाटायचा, वहिनी. ते त्याचं थांबणं नव्हतंच, नेटचं होतं. मग मला आवडला तो कोण?

प्रियंकानं चिमटे तोंडात धरले होते. ते काढून तिनं विचारलं, "आणि खालच्या खोलीतला? तो नाही आवडला?"

अक्षतानं पुढची चादर झटकून दोरीवर टाकली.

आप्पांचा जीव वरखाली झाला. "एकटीच जाणार? कंडक्टरनं ओरडलेलं कळणार न्हाई तुला." पण उभा जन्म एसटीत गेलेला माणूस, शेवटी त्यांनीच रस्ता लावून दिला. साताऱ्यावरून कराड, कराडवरून विटा, विट्यावरून तासगाव. प्रत्येक स्टँडवर कुठल्या बाजूला गाडी लागते तेसुद्धा. "खिडकीपाशी बस. पाट्या वाचत जा."

ती पाट्या वाचत गेली. कराड सोडल्यावर ऊस मागं पडत गेला. विट्याच्या पुढं जमीन तपकिरी झाली आणि मग एकाएकी द्राक्षाचे मांडव सुरू झाले, हिरवे, सपाट, संपतच नाहीत असे. काचेतून ऊन तिच्या मांडीवर येत होतं. ती अर्धी झोपेत होती, अर्धी जागी. सिद्धूला काही कळवलेलं नव्हतं. तो तिला दोन रूपांत दिसत होता आणि दोन्ही रूपं गाडीबरोबर मांडवांवरून सरकत होती, एक सावकाश, एक भरभर.

शेडचं नाव तिनं रिक्षावाल्याला कागदावर लिहून दाखवलं. गावाबाहेर, माळावर, लोखंडी खांबांच्या लांबच लांब शेडा. हिरव्या जाळीचे मजल्यावर मजले आणि त्यांवर द्राक्षं सुकत घातलेली. वारा आरपार जात होता. गोडसर, जरासा आंबट वास मारणारी हवा. आतल्या खोलीत बायका ओळीनं बसून बेदाण्यातल्या काड्या वेचत होत्या. दारात तिची सावली पडली तशा सगळ्यांनी माना वर केल्या.

बायडाबाईंनी तिला ओळखलं. त्या चाळण ठेवून उठल्या, तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि काहीतरी बोलल्या. ते अक्षताला कळलं नाही, पण कळायची गरजही नव्हती. मग त्यांनी शेडच्या टोकाकडं बोट दाखवलं.

सिद्धू पाठमोरा होता. दुसऱ्या मजल्यावर चढून, काठीनं जाळी हलवून वाळलेला बेदाणा खाली पाडत होता. हाका मारून उपयोग नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! तिनं खालची जाळी धरून हलवली. थरथर त्याच्या हातापर्यंत गेली. तो वळला.

पहिल्यांदा त्याच्या हातातली काठी पडली. मग तो खाली उडी मारून उभा राहिला, आणि त्यानं अगदी सावकाश खूण केली. "तू. इथं. कशी." आणि हात हवेत धरून थांबला.

इथं तर मधे काहीच नव्हतं. ना डबा, ना भिंत. तरी तो थांबला होता.

"असा का थांबतोस?" अक्षतानं विचारलं.

"तुझ्यासाठी." तो गोंधळला. "तू फोनवर सारखी थांबायचीस. तुझा चेहरा चौकोन चौकोन व्हायचा आणि तू कितीतरी वेळ तशीच. मला वाटलं, ही विचार करून बोलणारी बाई आहे. शिकलेली, साताऱ्यात राहिलेली. म्हणून मीही सावकाश बोलायला लागलो. तुला कळावं म्हणून. एक शब्द टाकायचा आणि वाट बघायची."

अक्षताच्या पोटातून हसू वर आलं, ते काही केल्या आवरेना. "मी विचार करत नव्हते! मी हुक लावत होते! माझं नेट अडकायचं, आमच्या गच्चीवर ती हळूवालीच पट्टी येते, माझा फोन जुना, त्याला दुसरी दिसतच नाही, मी इकडं बोलत असायची आणि तुझं चित्र थांबलेलं असायचं, मला वाटायचं तूच फार खोल माणूस आहेस, तलावासारखा, आणि परवा तू वहिनीच्या फोनवर आलास तर तू नुसता माकडासारखा..." तिचे हात असे पळत होते की ती स्वतःच त्यांच्याकडं बघून थबकली. इतक्या भरभर ती कधी बोलली होती? वसतिगृहात, दिवे मालवल्यावर. त्यानंतर कुणाशीच नाही. घरच्यांशी बोलायचं तर त्यांना समजेल एवढं हळू बोलावं लागायचं.

सिद्धूचा चेहरा आधी पडला, मग उजळला. "म्हणजे तू अजून तशीच आहेस," तो म्हणाला. "बडबडी."

"तूही."

"मग आता? तलाव पाहिजे होता तुला."

ती दोघं जाळ्यांच्या मधल्या वाटेवर पोती टाकून बसली. वरून हिरवा उजेड गाळून येत होता आणि वाऱ्यानं जाळी हलली की तो उजेडही त्यांच्या अंगावर हलायचा. बेदाण्याचे दाणे मधूनच खाली पडत. सिद्धूनं हात गुडघ्यांवर ठेवले होते. बोलायला शिवशिवत होते ते, तिला बोटांवरून दिसत होतं. पण त्यानं ते हलवले नाहीत. वाट बघत राहिला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिनं डोळे मिटले, उघडले. तो होता.

गोठलेल्या चित्राकडं बघत जे तिनं मनानं भरलं होतं, ते सगळंच काही खोटं नव्हतं, एवढं तिला त्या हिरव्या उजेडात कळलं.

"मला कधी कधी गप्प बसायला आवडतं," ती शेवटी म्हणाली. "तेव्हा बसशील असा?"

"बसेन. पण फार वेळ नाही."

"फार वेळ मलाही जमत नाही."

"मग?"

"मशीन घेऊन येईन मी. इथं ब्लाउज शिवणारं कुणी आहे का?"

तो उठून आईकडं धावत सुटला. लांबून तिला दिसलं, तो दोन्ही हातांनी काहीतरी सांगतोय आणि बायडाबाई चाळणीसकट त्याला मिठी मारताहेत. वेचणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. मुकादम बाहेर आला, पोट पुढं काढून, आणि अक्षतानं तोंडावर पदर घेतला. नक्कल अगदी हुबेहूब होती.

परतीची गाडी संध्याकाळची होती. बायडाबाईंनी पिशवीभर बेदाणा दिला, सिद्धूच्या खुणांतून आप्पासाहेबांना निरोप दिला की बुद्धपौर्णिमेच्या आत आम्ही बोलणी करायला येतो. तासगाव स्टँडवर गर्दी होती. अक्षताला खिडकी मिळाली, पण काचेची चौकट गंजून घट्ट बसलेली, काच वर सरकेना. पुढच्या सीटवरची एक म्हातारी बाहेरच्या मुलाला काहीतरी ओरडून सांगत होती, मुलगा कानामागं हात धरून पुन्हा पुन्हा "काय? काय?" करत होता. काचेतून त्याला काही जात नव्हतं.

सिद्धू खिडकीखाली उभा होता आणि बोलत होता. कराडला उतरताना जपून. पोचलीस की कळव. नवा फोन घे, नाहीतर नको घेऊ, तुझं तू ठरव. आत्याची मुलगी ब्लाउज शिवायला फार पैसे घेते, तिचं गिऱ्हाईक तुलाच येईल. अक्षता आतून उत्तरं देत होती, आत्यांबद्दल, मशीनबद्दल, विट्याला पाहिलेल्या एका तीन शिंगांच्या शेळीबद्दल. गाडी थरथरली, निघाली. तो गाडीबरोबर चालायला लागला, मग पळायला, हात चालूच. स्टँडच्या फाटकाशी गाडी वळली तेव्हा तो एका दगडावर चढून उभा राहिला. ती मागच्या काचेकडं गेली. धूळ उडाली होती, त्या धुळीतून त्याचे हात दिसत होते, लहान लहान होत जाणारे, आणि अगदी बिंदूएवढे होईपर्यंत ते काय म्हणताहेत ते तिला नीट वाचता येत होतं.